सरांचा आज्ञार्थ

"सर, डोळे मिटा," थेरपिस्ट म्हणाली.

सरांनी डोळे मिटले नाहीत. ते तिच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले. थेरपिस्टने तेच वाक्य जरा सावकाश म्हटलं, मग स्वतःचे डोळे मिटून दाखवले. सरांची नजर पेनावरून तिच्या चेहऱ्यावर गेली आणि परत पेनावर आली. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मग "हात वर करा" झालं, "खिडकी कुठे आहे दाखवा" झालं. उजवा हात पक्षाघातानंतर जवळजवळ निकामीच होता, पण डावा चांगला होता. तोही हलला नाही.

काकू दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. सर म्हणजे त्यांचे यजमान. शहरातल्या भाषासंस्थेत त्यांनी उभा जन्म स्पॅनिश शिकवलं आणि निवृत्तीनंतरही घरी वर्ग घेतले. झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. जीव वाचला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्यापासून एक शब्द नव्हता.

पुनर्वसन केंद्राने आठवड्यातून दोनदा ही थेरपिस्ट पाठवायचं ठरवलं होतं. मुलगी तरुण होती, कामात चोख आणि बोलण्यात गोड. जाताना तिने काकूंना बाजूला घेऊन समजावलं की बोलणं नंतरची गोष्ट, आधी त्यांना समजतंय का ते कळायला हवं. सांगितलेलं एक जरी काम त्यांनी समजून केलं, किंवा आपणहून एक जरी शब्द काढला, तरी पुढे जाता येईल. महिनाअखेरीस तिला अहवाल द्यायचा होता. केंद्राकडे माणसं थोडी आणि रुग्ण रांगेत, त्यामुळे काहीच प्रतिसाद नसेल तर हे उपचार थांबवून फक्त शुश्रूषा चालू ठेवतात.

"म्हणजे खाऊ घालायचं आणि पुसायचं," काकू म्हणाल्या.

थेरपिस्टने कागद पिशवीत घातले आणि चपला चढवल्या.

काकूंनी नोकरीची सगळी वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. नमुना काय सांगतो आणि आपल्याला त्याने काय सांगायला हवं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची त्यांना सवय होती. त्या रात्री त्यांनी मुलाला फोनवर जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तो दुसऱ्या देशात असायचा. तो म्हणाला, आई, तू जेवतेस ना वेळेवर? त्या हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी सरांच्या खोलीतला दिवा घालवला आणि रोजच्यासारखं "झोपा आता" म्हणाल्या. घरात बोललं गेलेलं शेवटचं वाक्य रोज त्यांचंच असायचं, आणि पहिलंही.

घाई आली ती त्याच आठवड्यात. घाई हे नाव सरांनी ठेवलेलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी ही विद्यार्थिनी आता अनुवादक होती, यंत्रांच्या माहितीपुस्तिका स्पॅनिशमधून आणि स्पॅनिशमध्ये करायची. तिने सरांचा हात हातात घेतला, इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. काकूंनी चहा आणला आणि थेरपिस्टची हकीकत सांगितली. डोळे मिटा म्हटलं तर ढिम्म, म्हणाल्या.

"आमच्याकडून इतके हुकूम पाळून घेतले, आता स्वतःवर आली तर ढिम्म होय," घाई सरांना म्हणाली, आणि वर्गात ते जसे म्हणायचे तशाच चढ्या आवाजात म्हणाली, "सिएर्रा लोस ओहोस." डोळे मीट.

सर म्हणाले, "नो लोस सिएर्रेस."

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. काकूंच्या हातातली बशी कलंडली. घाईने डोळे पुसत पुसत पुढचा हुकूम सोडला. "आब्रे ला व्हेंताना." खिडकी उघड. सर म्हणाले, "नो ला आब्रास." तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाला उत्तर आलं.

"काय म्हणतायत? काय म्हणतायत ते?" काकू विचारत होत्या.

घाईने सांगितलं. तिने डोळे मीट म्हटलं, तर सर म्हणाले, ते मिटू नकोस. तिने खिडकी उघड म्हटलं, तर म्हणाले, ती उघडू नकोस. हा सरांचा प्रसिद्ध सराव होता. वर्गात मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या. एका रांगेने हुकूम सोडायचा, दुसरीने तो ताबडतोब उलटवायचा, आणि उलटवताना वस्तूचं नाव घ्यायचं नाही, त्या जागी सर्वनाम घालायचं. अडखळेल तो बसेल. सर मधून फिरायचे आणि अडखळणाऱ्याकडे नुसतं बघायचे.

"एवढं काय अवघड आहे त्यात? ये, येऊ नकोस. झालं," काकू म्हणाल्या.

"आपल्याकडे झालं, काकू. तिकडे होकारात आणि नकारात क्रियापदाचं रूपच बदलतं. आब्रे म्हणजे उघड, पण उघडू नकोस म्हणताना आब्रास. आणि 'ती', 'ते', 'मला' असले छोटे शब्द आहेत ना, ते होकारात क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात. आब्रेला, एकच शब्द. नकारात तिथून सुटतात आणि क्रियापदाच्या आधी येऊन उभे राहतात. नो ला आब्रास. मला ते सांग, दीमेलो. मला ते सांगू नकोस, नो मे लो दिगास. 'मला' आधी, 'ते' नंतर, हा क्रम मात्र दोन्हीकडे तोच."

काकूंनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग एक कागद आणला आणि तिच्याकडून देवनागरीत लिहून घेतलं, डावीकडे होकार, उजवीकडे नकार.

एका गोष्टीशी त्या अडल्या. ही सगळी रूपं अरेतुरेची होती. काकूंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. अहोजाहोची रूपं नाहीत का, असं त्यांनी विचारलं. होती. सिएर्रे, आब्रा, दीगामेलो. घाईने एक म्हणूनही पाहिलं, पण सर गप्प राहिले. त्यांचा सराव अरेतुरेतच चालायचा.

"एवढ्या वर्षांनी 'अरे' म्हणायची पाळी आली, तीही परक्या भाषेत," काकू म्हणाल्या. "चालेल. त्यांना कुठे कळतंय." आणि लगेच जीभ चावली, कारण कळतंय की नाही हाच तर प्रश्न होता.

त्यानंतरचे दिवस घरात बोलण्याचे गेले. सकाळी पडदा सारताना काकू म्हणायच्या, आब्रेला. सर म्हणायचे, नो ला आब्रास. दिव्यापाशी जाऊन त्या म्हणायच्या, आपागाला, घालव तो. नो ला आपागेस, उत्तर यायचं. दिवा तिकडे स्त्रीलिंगी असतो हे त्या शिकल्या. आपल्या उच्चारावर सर कपाळाला आठी घालतात असं त्यांना एकदा वाटलं, आणि दिवसभर त्या खुशीत होत्या. भाजीवाल्याने विचारलं, काकू, आज स्वारी रंगात? आमचे हे बोलायला लागले, असं त्यांनी सांगून टाकलं. मुलालाही सांगितलं. तो फोनवर रडला.

सर त्यांना आयुष्यात कधी हुकूम करत नसत. खिडकी लावायची असली तर "जरा खिडकी लावतेस का" असं विचारत. हुकूम वर्गात ठेवून यायचे. त्यामुळे हा आवाज काकूंना नवा होता. एवढी वर्षं भिंतीपलीकडे चाललेल्या वर्गात आपल्याला आत्ता कुठे बसायला मिळालं, असं त्यांना वाटे.

मग एका दुपारी त्या कागदाच्या खालच्या भागावर आल्या. घाईने तिथे अशी क्रियापदं लिहिली होती ज्यांना वस्तू लागत नाही, माणूस लागतो. काकू खुर्ची ओढून सरांसमोर बसल्या आणि वाचून म्हणाल्या, "केदाते." इथेच राहा.

"नो ते केदेस," सर म्हणाले.

त्यांनी पुढचं वाचलं. "आब्लामे." माझ्याशी बोल.

"नो मे आब्लेस."

अर्थ शेजारी लिहिलेलाच होता. माझ्याशी बोलू नकोस. काकू कागद हातात घेऊन बसून राहिल्या. सर पलीकडच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. अडखळलो नाही एवढंच होतं, किंवा तेही नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी घाईला फोन केला. घाई म्हणाली, मनाला लावून घेऊ नका काकू, तो सराव आहे, सर फक्त उलटवतात. तुम्ही उलटं देऊन बघा. नो मे आब्लेस म्हणा, तेव्हा आब्लामे म्हणतील.

"तेच तर," काकू म्हणाल्या. "मग ते काहीच म्हणत नाहीयेत."

तरी त्यांनी करून पाहिलं. फोन ठेवून खोलीत गेल्या आणि स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, माझ्याशी बोलू नकोस. सर ताबडतोब म्हणाले, माझ्याशी बोल. आवाज तोच, वेग तोच. ज्या तपासणीत प्रत्येक नमुना एकच निकाल देतो त्या तपासणीचं काय करतात हे काकूंना ठाऊक होतं. ती फेकून देतात.

पुढच्या खेपेला थेरपिस्ट आली तेव्हा काकूंनी घाईलाही बोलावून घेतलं. थेरपिस्टने सगळं मन लावून ऐकलं. मग चादरीवर डाव्या हाताशी एक कप आणि एक चमचा ठेवला आणि घाईला विचारलं, कप मला दे असं यांच्या पद्धतीने कसं म्हणाल? घाई म्हणाली, "दामे ला तासा."

"नो मे ला देस," सर म्हणाले. हात हलला नाही.

"चमचा?"

उत्तर उलटं आणि अचूक आलं. हात तिथेच. थेरपिस्टने कप आणि चमचा दोन्ही उचलले आणि रिकाम्या चादरीकडे बोट दाखवून घाईला पुन्हा कपच मागायला लावला. सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिथे नसलेला कप देऊ नकोस म्हणाले.

थेरपिस्ट हळूच बोलली. अशी भाषा मेंदूत वेगळी जपली जाते, म्हणाली. काही रुग्ण आकडे म्हणतात, वार म्हणतात, पाढे म्हणतात. एक टोक ओढलं की पुढचं आपोआप येतं. हजारो वेळा केलेला सराव तसाच. चांगली खूण आहे, पण हे बोलणं नव्हे. अहवालात ती हे लिहील, तरी केंद्र याला प्रतिसाद म्हणणार नाही. महिनाअखेरीच्या खेपेआधी काही वेगळं दिसलं तर कळवा, असं तिने सांगितलं. हुकूम दिलेला नसताना काही म्हणाले तर.

"सर तुम्ही असे कसे हो," घाई पलंगाजवळ उभी राहून म्हणाली. "एकदा तरी चुका." मग तिने तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून काकूंनी स्पॅनिश बोलणं बंद केलं. मराठीही कमी झालं. औषधाच्या वेळा, जेवण, कूस बदलणं, सगळं मुकाट्याने व्हायला लागलं. एक सवय मात्र सुटली नाही. या आठवड्यांत त्यांना सरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची खोड लागली होती. घास भरवताना, कूस बदलताना, त्या ओठांकडे बघत. पापणी लवली की थांबत. रात्री दार लोटायच्या आधी फटीतून बघत. काचेखालच्या नमुन्याकडे त्या आयुष्यभर असंच बघत आल्या होत्या, नमुना परत बघत नसतो.

त्या सकाळी अंग पुसून झालं होतं. पाणी गार झालं होतं आणि खोलीत साबणाचा वास होता. सर उघड्या अंगाने उशांना टेकून बसले होते. खांदे खाली आलेले, छातीवरचे केस पांढरे, उजवा हात मांडीवर वळकटीसारखा पडलेला. काकूंनी सदऱ्याची एक बाही चढवली आणि दुसरी चढवायच्या आधी, नेहमीसारख्या, वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या.

"नो मे मीरेस," सर म्हणाले.

काकू थबकल्या. आपण काही बोललो का, हे त्यांनी आठवून पाहिलं. नव्हत्या बोलल्या. सकाळपासून कुणीच काही बोललं नव्हतं. तो शब्द कागदावरही नव्हता. 'नो' म्हणजे नकार, 'मे' म्हणजे मला, एवढं त्यांना कळलं. सदरा तसाच अर्धा ठेवून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि घाईला फोन लावला.

"नो मे मीरेस म्हणजे काय गं?"

"माझ्याकडे बघू नकोस. का? तुम्ही मीरामे म्हणालात?"

"नाही."

"मग कुणी म्हटलं? रेडिओ चालू होता का?"

"कुणी नाही. मी त्यांना सदरा घालत होते."

पलीकडे घाईला कधी नव्हे ते उत्तर सुचलं नाही. मग ती एकदम बोलू लागली, काकू, हे स्वतःहून आहे, हुकूमच नव्हता तर उलटवणार काय, मी आत्ता थेरपिस्टला कळवते, मी येते. काकूंनी तिला थांबवलं. आत्ता येऊ नकोस म्हणाल्या. उघडे बसलेत ते.

त्या परत गेल्या तेव्हा सरांचे डोळे मिटलेले होते. काकू दारात उभ्या राहिल्या. एवढे दिवस त्या एका वाक्याची वाट बघत होत्या. ते कसं असेल हेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. त्यात त्यांचं नाव होतं, किंवा पाणी होतं, किंवा मुलाची चौकशी. हे त्यात कुठेच नव्हतं. पण ते दुसऱ्या कुणाला उद्देशून असूच शकत नव्हतं. खोलीत बघणारं माणूस एकच होतं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मान वळवून खिडकीकडे तोंड केलं. बाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीत कुणीतरी चादरी झटकत होतं. हाताने चाचपत त्यांनी दुसरी बाही शोधली, उजवा हात उचलून तिच्यात सरकवला, आणि खालून वर एकेक बटण लावत आल्या. एक काज चुकलं, तेही बोटांनी उमगलं, ते सोडवून परत लावलं. गळ्याचं बटण लागेना. त्या खाली बघणार होत्या, पण बघितलं नाही. तेवढ्यात त्यांच्या बोटांवरचा भार कमी झाला. सरांनी हनुवटी वर केली होती.

बटण लागलं. काकूंनी हात काढून घेतला आणि चादरी झटकून होईपर्यंत खिडकीकडेच बघत बसल्या.

थेरपिस्टला कळवलं त्यांनीच, संध्याकाळी. सर आपणहून बोलले, आणि बटण लावताना हनुवटी वर केली. काय म्हणाले, असं तिने विचारलं, अहवालात लिहावं लागेल. काकू म्हणाल्या, लिहा की कपडे घालताना त्यांनी मला एक गोष्ट करू नकोस म्हणून सांगितलं आणि ते बरोबर होतं. थेरपिस्टने अडून धरलं नाही. हनुवटीबद्दल मात्र तिने बारकाईने विचारलं, किती वर, केव्हा, काही न सांगता का. मग म्हणाली, ती शुक्रवारी येईल, आणि अहवाल तूर्त थांबवेल.

शुक्रवारी घाईही आली. काकूंनी खोलीत दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

"तुमची खुर्ची?" घाईने विचारलं.

"मी बाहेर बसते. तुम्ही दोघीही एकदम अंगावर जाऊ नका. आणि तोंडाकडे टक लावून बघू नका, खिडकीकडे बघून बोला."

"पण तुम्ही समोर असलात तर सर..."

"नको गं," काकू म्हणाल्या.

दार ओढून घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या. टेबलावर शेंगा सोलायच्या होत्या, त्या त्यांनी पुढे ओढल्या. आतून आधी घाईचा आवाज आला, मग थेरपिस्टचा. मग आणखी एक आवाज आला, खालच्या पट्टीतला, दोन-तीन शब्दांचा. कुणाचा आणि कुठल्या भाषेतला, ते दाराआडून कळेना. काकूंचे हात थांबले. मग त्यांनी पुढची शेंग उचलली.